कंसात घातलेली गोष्ट

मुलाखत घेणाऱ्याने कमी बोलावं, असं तिनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममधल्या बैठकांना बसले आहे.

ती माझी जुनी विद्यार्थिनी. पोलादपूरकडच्या शेतकरी घरातली, घरी भात आणि नाचणी, देवघरात पूजा, वर्षातून एकदा गोंधळ. अकरावीत माझ्या मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघायची. आता मुंबईला विद्यापीठात पीएचडी करत होती आणि विषय काय निवडला, तर सावित्रीच्या खोऱ्यातल्या ज्या कुटुंबांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्यांच्या घरात त्या दिवसांत नेमकं काय घडलं. मोर्चे, सभा, भाषणं यांवर पुष्कळ लिहिलेलं आहे, तिला चुलीपाशी काय झालं ते हवं होतं.

विषय ऐकून मी खूश झाले. मग तिनं माझ्याकडे यायचं खरं कारण सांगितलं.

"बाई, माझ्या आडनावाला लोक चहा देतात. गोष्ट देत नाहीत."

आमचं घर बौद्ध. माझे वडील सावित्रीकाठच्या वाडीतले, आणि महाडपासून तुडीलपर्यंत, वर पोलादपूर-उमरठपर्यंत अर्ध्या घरांत माझं कुणी ना कुणी नात्यातलं. शिवाय स्नेहसंमेलन असो की भीमजयंती, माईक माझ्याच हातात येतो. मुलाखती मी घ्याव्यात, त्या मीच ऐकून टाईप कराव्यात, आणि तिनं त्यांचा अभ्यास करावा, असं ठरलं. प्रत्येकाला आधी समजावून सांगायचं, सही किंवा अंगठा घ्यायचा, नाव कुठं येणार नाही हे सांगायचं, आणि मग रेकॉर्डर सुरू करायचा. हे सगळं मी चोख केलं. चुकले ते रेकॉर्डर सुरू झाल्यावर.

सांगते.

म्हातारी माणसं रेकॉर्डरसमोर आखडतात. "काय बोलू गो मी, मला काय येतंय" म्हणतात आणि पदर सारखा करतात. त्यांना सैल करायला माझ्याकडे एक हुकमी गोष्ट होती. माझ्या वडिलांच्या आत्याची. आम्ही सगळी पोरं तिला आत्याच म्हणायचो.

धम्म घेतला तेव्हा तिच्या सासरच्या वाडीनं एक दिवस ठरवून घरोघरचे देव गोळा केले. देव म्हणजे काय, देव्हाऱ्यातले छोटे टाक, पत्र्यावर ठोकून काढलेले, एखादी मूर्ती, एखादा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला गोटा. सगळे एका धोतरात बांधून सावित्रीत सोडायला नेले. आत्यानं काय केलं, गाठोडं बांधायच्या आधी देवीचा टाक उचलला आणि भाताच्या कणगीत खुपसला. कुणाला पत्ता नाही. काही दिवसांनी तिचा सासरा पायलीनं भात मोजायला बसला. एक पायली, दोन पायल्या, आणि तिसरीला पायलीत आवाज झाला, टण्ण.

हे टण्ण मी असं करायचे की समोरचं माणूस दचकायचं. मग सासऱ्याचे डोळे, आत्याचा पदर, जावेचं दाराआडून बघणं. सासरा म्हणतो, "भाताला दात आले काय गो?" आणि सगळे हसतात. तिथं गोष्ट संपते. पुढंही थोडं आहे, पण तिथं कुणी हसत नाही, म्हणून मी ते सांगत नसे.

अकरा मुलाखती झाल्या. महाड शहरात काही, तुडीलकडं, पोलादपूरच्या वाड्यांवर, एक आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, एक उमरठला. बहुतेक ठिकाणी टण्ण झालं. माणसं खुलली. आणि माझी गोष्ट संपली की बरेच जण म्हणायचे, "आमच्याकडंबी तसंच."

माझी छाती फुगायची. मला वाटायचं, बघा, एका गोष्टीनं दहा गोष्टी बाहेर निघतात.

मग संध्याकाळी कानात हेडफोन घालून टाईप करायला बसायचे. पहिली मुलाखत, तुडीलच्या एका म्हातारीची, मी आमच्या कॉलेजच्या प्रश्नपत्रिकांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केली. तिच्या संगणकावर तुडीलची म्हातारी चक्क इंग्रजी शिव्या दिल्यासारखी दिसू लागली. ती पुन्हा युनिकोडमध्ये केली. दुसरा प्रश्न माझ्या स्वतःच्या बोलण्याचा. लोकांची मुलाखत, त्यात मी दोन-दोन पानं बोलते हे मला टाईप करताना बरं दिसेना. लाजच वाटली म्हणा. म्हणून जिथं माझी गोष्ट यायची तिथं मी कंस घालून लिहायचे: (गप्पा). बास. पुढं त्या माणसाचं उत्तर, शब्दन् शब्द.

तेव्हा मला तो विनय वाटला होता.

मुलाखती पुऱ्या झाल्यावर ती दिवाळीनंतर महाडला राहायला आली, आमच्याच घरी. खालच्या खोलीत भिंतीवर पुराची रेघ अजून आहे, रंगाखालून दिसते, म्हणून वरच्या खोलीत टेबल मांडलं. लॅपटॉपवर एनव्हिवो नावाचं सॉफ्टवेअर. माझे मिस्टर, बँकेतून निवृत्त, दर तासाला चहाच्या निमित्तानं डोकावून जायचे. "काय, धर्मांतर किती टक्के झालं?" असं विचारायचे. ती हसायची. मी डोळे वटारायचे.

मला त्या कामाची फार गंमत वाटली. अकरा मुलाखतींच्या अकरा फायली तिनं आत घेतल्या होत्या. प्रत्येक माणसाचं एक पान, त्यावर नाव नाही, फक्त वय, बाई की पुरुष, गाव नदीकाठचं की डोंगरातलं. मग एकेक मुलाखत वाचत जायची. एखादं वाक्य निवडायचं, त्याला एक कोड द्यायचा. कोड म्हणजे त्या वाक्यात काय आहे याची छोटी चिठ्ठी. 'शाळेत नवं नाव'. 'भटजीशिवाय लग्न'. 'लोक काय म्हणतील'. एकाच वाक्याला दोन-तीन चिठ्ठ्याही चालतात. उजव्या बाजूला रंगीत पट्ट्या उभ्या राहतात, कुठल्या ओळींना कुठला कोड आहे ते दाखवणाऱ्या. आणि एखाद्या कोडवर दोनदा टिचकी मारली की अकरा मुलाखतींतले तेवढेच तुकडे एकाखाली एक समोर येतात.

"म्हणजे एका प्रश्नावरची सगळ्या वर्गाची उत्तरं," मी म्हटलं.

"हो, पण बाई, ढीग म्हणजे थीम नाही. थीम म्हणजे त्या ढिगाचं म्हणणं. 'देव' ही थीम नव्हे, तो विषय झाला. 'देव गेले, पण जागा राहिली', असं काहीतरी म्हणता आलं पाहिजे."

ती हे सहज उदाहरण म्हणून बोलली होती. नंतर आठवून मला चटका बसला.

त्या वेळी मात्र तिला सापडलेली सगळ्यात जोरदार थीम वेगळीच होती. 'लपवलेला देव' हा कोड अकरापैकी आठ मुलाखतींत होता. बायकांत तर जवळजवळ सगळीकडे. तिच्या मार्गदर्शकांनी फोनवर तिचं कौतुक केलं, यावर एक प्रकरण उभं राहील म्हणाले. ती दोन दिवस आनंदात होती. माझ्याकडून पुरणपोळी करून घेतली. तिनं प्रकरणाचा मसुदा लिहिला आणि मला वाचायला दिला. पहिलं वाक्य तुडीलच्या म्हातारीचं: "आमच्याकडंबी तसंच झालं गो. देव ठेवला आम्ही." आणि त्याखाली तिनं लिहिलं होतं, की सार्वजनिक जीवनात धर्म पूर्ण बदलला, पण घराच्या आत धर्मांतर अपुरं राहिलं.

मी वाचत होते आणि ती लॅपटॉपवर काहीतरी तपासत होती. त्या तुकड्यांच्या यादीत संदर्भ दाखवायची एक सोय असते. ती चालू केली की निवडलेल्या वाक्याच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळीही फिक्या रंगात दिसतात. तिनं ती चालू केली.

"बाई, हे बघा ना. गंमतच आहे."

आठ तुकडे. त्यांतल्या सहांच्या वर, फिक्या करड्या अक्षरांत, एकच शब्द. (गप्पा). (गप्पा). (गप्पा).

"हे गप्पा म्हणजे काय?"

मी म्हटलं, "हवापाणी गं. पाऊस, भात, कुणाची मुलगी कुठं दिली. इकडची तिकडची."

इतक्या सहजपणे म्हटलं की मलाच टाळी द्यावीशी वाटली. ती "बरं" म्हणाली आणि पुढं गेली. नटी म्हणून माझ्या आयुष्यातला तो सर्वोत्तम क्षण असेल.

संध्याकाळी मिस्टरांनी मसुदा हातात घेतला. ते कशालाही हात घालतात. चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, मग चष्मा खाली घेऊन तेच वाक्य पुन्हा वाचलं.

"म्हणजे आपण अर्धेच?" ते म्हणाले.

"तसं नाही हो."

"तसंच लिहिलंय. घरात अपुरं. उद्या हे छापलं की आपल्या नाक्यावरचे काय म्हणतील? 'तुमच्या बायका तर अजून देव लपवून बसल्यात.' पोरगी चांगली आहे, तिच्या मनात काही नाही. पण हे वाक्य तिच्या हातून सुटलं की ते कुणाच्याही हातात जाईल."

एरवी ते टोमणे मारतात तेव्हा मी उत्तर तयार ठेवते. त्या दिवशी मी मसुदा त्यांच्या हातातून नुसता काढून घेतला. वाक्य खोटं ठरवणारा पुरावा जगात फक्त एका माणसाकडे होता, आणि त्यानं तो कंसात घातला होता.

रात्रभर मी मनात भाषणं जुळवली. एकात मी रडत होते, एकात हसण्यावारी नेत होते, एकात तिलाच थोडं सुनावत होते, की अगं तूही ऐकायचं होतंस ना रेकॉर्डिंग. सकाळी वर गेले तर ती आधीच टेबलाशी बसलेली, कानात हेडफोन.

"सरांनी सांगितलंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मसुद्यात येणारी प्रत्येक ओळ मूळ आवाजाशी ताडून बघ. तुडीलची ऐकतेय."

आणि तिनं हेडफोनची पिन काढली.

खोलीभर माझा आवाज. मी स्वतःला कधी असं ऐकलं नव्हतं. किती चढवलं होतं सगळं. सासऱ्याचा आवाज वेगळा, जावेचा वेगळा, पायलीचा वेगळा. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मधेमधे म्हातारी "हं... हं" असा हुंकारा देत होती, गोष्टीला द्यायचा असतो तसा. मग टण्ण. मग हसू. मग लगेच, श्वासही न घेता, माझाच आवाज:

"तुमच्याकडेही असंच झालं असेल ना, आजी?"

मग म्हातारी, जणू पाहुण्याच्या ताटात वाढावं तसं:

"आमच्याकडंबी तसंच झालं गो. देव ठेवला आम्ही."

तिनं आवाज थांबवला. मला लाज वाटलीच. पण खरं सांगायचं तर त्याच्याही आधी मला वाटून गेलं, मी काय सुंदर सांगितली होती. लाज त्याचीच जास्त वाटली.

"पाऊस आणि भात," ती म्हणाली.

"भात होता," मी म्हटलं. "कणगीत."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. लॅपटॉप अर्धा मिटून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"बाई, ही थीम माझी नाहीय. तुमची आहे. मी तुमच्या आत्याचं प्रकरण लिहिलंय, आठ लोकांच्या तोंडून."

"दोघांकडे गप्पा नव्हत्या ना?"

"म्हणून तर मी अजून रडले नाही."

आम्ही पुढचे काही दिवस जे केलं ते माझ्यासाठी शिक्षाच होती. ज्या ज्या ठिकाणी कंस होता, तिथं बसून माझं बोलणं मी शब्दन् शब्द टाईप केलं. "हुंकारासुद्धा," ती म्हणाली. "हुंकाऱ्याला मी होकार धरलाय दोन ठिकाणी." मी तेही टाईप केलं. प्रत्येक मुलाखतीतलं माझं नाटक तिनं एका वेगळ्या कोडमध्ये टाकलं. त्याचं नाव ठेवलं 'मुलाखतकाराची गोष्ट'. मी म्हटलं, "जरा बरं नाव ठेव." ती म्हणाली, "कोडचं नाव स्पष्ट असावं लागतं."

मग लोकांनी सांगितलेल्या प्रत्येक तुकड्याला तिनं आणखी एक चिठ्ठी लावली: आपणहून सांगितलेलं, की गोष्ट ऐकल्यावर सांगितलेलं. आणि एक तक्ता काढला. आडव्या ओळींत घरातल्या देवांबद्दलचे सगळे कोड, उभ्या रकान्यांत 'आपणहून' आणि 'गोष्टीनंतर', चौकटीत किती मुलाखती. 'लपवलेला देव' या ओळीत आठ होते ते फुटले: गोष्टीनंतर सहा, आपणहून दोन. उमरठच्या एका आजोबांनी तर मी तोंड उघडायच्या आधीच सांगितलं होतं, की त्यांच्या आईनं देव माळ्यावर ठेवला होता. म्हणजे असं घडलं होतं, थोड्या घरांत. मी ते खोरंभर पसरवलं.

"दोन म्हणजे दोन लिहायचं," ती म्हणाली. "सहा कसे आले तेही लिहायचं."

"कसे आले म्हणजे? माझं नाव?"

"नाव नाही. 'मुलाखतकाराने सहभागींना स्वतःच्या कुटुंबातली आठवण सांगितली, व त्यानंतर पुष्टी करणारा प्रश्न विचारला.'"

इतक्या कोरड्या वाक्यात माझी सगळी कला बसली.

त्याच तक्त्यात, खाली, एक ओळ होती जिच्याकडे आम्ही दोघींनी आधी बघितलंच नव्हतं. 'कोनाडा'. घराबद्दलच्या मोठ्या कोडखाली कुठंतरी पडलेली, लहानशी. देव जिथं असायचे ती भिंतीतली जागा. नऊ मुलाखती, आणि सगळ्या 'आपणहून'. तिनं त्यावर टिचकी मारली. तुकडे एकाखाली एक आले. कुणी तिथं कंदील ठेवला. कुणी पोरांच्या पाट्या. कुणी कोनाडा मातीनं बुजवला आणि दर पावसात ती माती निघून पडायची. एका बाईच्या घरी काहीच ठेवलं नाही, आणि येणारा पाहुणा आधी त्या रिकाम्या जागेकडे बघायचा.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हे तुम्ही विचारलं होतं?"

"नाही गं. मला तर कंटाळा यायचा. मी टण्णची वाट बघत असायचे."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

पण तुडीलच्या म्हातारीचं काय, हा प्रश्न उरला. प्रकरणाचं पहिलं वाक्य तिचं होतं. तिनं म्हटलेलं खरं की माझं मन राखायला म्हटलेलं, हे मुलाखत ऐकून कळण्यासारखं नव्हतं. म्हणून तिच्याकडे पुन्हा जायचं ठरलं. या वेळी प्रश्न ती विचारणार आणि मी शेजारी गप्प बसणार. चहा प्यायलाही मी तोंड उघडायचं नाही, अशी अट.

स्कूटीवर दोघी तुडीलला गेलो. वाटेत सावित्री शांत, पाणी उतरलेलं. म्हातारी ओट्यावर वाल सोलत बसली होती. पुन्हा का आलो, पुन्हा बोलायचं का, नको असेल तर नको, हे त्या मुलीनं, माझ्या विद्यार्थिनीनं, नीट समजावलं. म्हातारी म्हणाली, "बोलू की. पर ही गप का बसलीय? दात काढले काय?"

मी हाताच्या खुणेनं नाही म्हटलं.

"मुकी झाली," म्हातारी मुलीला म्हणाली. "मागल्या टायमाला तर मला बोलू देईना."

मुलीनं विचारलं, "आजी, तुमच्या घरी देव होते त्यांचं तेव्हा काय झालं, ते तुम्हाला आठवेल तसं सांगाल का?"

बस्स, एवढंच विचारलं. आणि थांबली. मी आतल्या आत तडफडत होते. एवढी लांब शांतता मी रंगमंचावर कधी पडू दिली नव्हती. वालाच्या साली ताटात पडत होत्या.

"देव मामंजींनी नेले," म्हातारी म्हणाली. "सगळे. एकबी ठेवला नाय. मी परकर नेसायची तवा, नवीनच लगीन झालेलं. मामंजी बोलले, आजपासनं यांच्या पाया पडायचं नाय. सासूनं तोंड वळवलं. पर बोलली नाय काय."

"मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, देव ठेवला."

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. लहान मुलाची चोरी आपण झाकली होती आणि आता ती उघडी पडणार, असं बघणं होतं.

"ती एवढं हात करून करून सांगत व्हती. घरी आलेलं मानूस. तिला काय म्हनायचं, की नाय बाय, आमच्याकडं नाय झालं तसं? तिचं मन कशाला मोडा?"

मी मान खाली घातली. वालाच्या दाण्यांकडे बघत बसले. सहा घरांत सहा माणसांनी माझ्या कलेला इतकी मायेनं साथ दिली होती. लोक खोटं बोलले नव्हते. त्यांनी मला जेवू घातलं होतं.

मुलगी म्हणाली, "मग त्या जागी काय ठेवलं?"

"कोनाड्यात? मिठाचं मडकं." म्हातारी आता मजेत आली. "तीच घरातली सगळ्यात कोरडी जागा. पावसात मीठ पाझरतं ना, सगळीकडं पाणी पाणी. तिथं नाय पाझरायचं. सासूनंच ठेवलं. मी बोलले, आये, देवाच्या जागी मीठ? ती बोलली, मग काय जागा वाया घालवायची? पर..."

ती थांबली. मुलीनं काही विचारलं नाही. मीही नाही, हे नमूद करते.

"पर पाय धुतल्याबिगर मिठाला हात नाय लावला मी. कितीक वरसं. सासूबी तशीच. एकमेकींना दिसायचं, पर बोलायचो नाय. मग सून आली, तिनं एकदा चिखलाच्या पायानं येऊन मीठ काढलं. मी बघत राहिले. म्हटलं, झालं. आता खरं झालं."

मुलीचा हात लिहिता लिहिता थांबला. 'धर्मांतर अपुरं राहिलं' हे वाक्य तिनं तिथंच, मनात, खोडलेलं मला दिसलं. नंतर प्रकरणात तिनं लिहिलं, की देव काढणं एका दिवसाचं काम होतं, पण त्या जागेला साधी जागा बनवायला घरातल्या बायकांना वर्षं लागली, आणि ते काम त्यांनी एकमेकींशी न बोलता केलं. खाली नऊ घरं, नऊ कोनाडे, प्रत्येकाचं वेगळं. ज्या दोन घरांनी कोनाड्याचा उल्लेखच केला नाही, तेही सांगितलं. देव लपवला असं आपणहून सांगणारी घरं दोन, हेही. आणि तळाशी ते कोरडं वाक्य, मुलाखतकाराबद्दल. मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की पाठ झालंय. मिस्टरांनी एकदाच वाचलं आणि म्हणाले, "आता चालेल." मग माझ्याकडे बघून, "तळटिपेत गेलीस एकदाची."

पण त्या दिवशी, तुडीलला, मुलीनं "थँक यू आजी" म्हणून रेकॉर्डर बंद केला, तोच म्हातारी माझ्याकडे वळली.

"बंद झालं का ते?"

"झालं," मुलगी म्हणाली.

"मग आता सांग गो तुझी ती. टण्णची. त्यात मजा हाय."

मी मुलीकडे बघितलं. तिनं खांदे उडवले. रेकॉर्डर पिशवीत टाकून पिशवीचा बंद ओढला.

मी सांगितली. पण हात वर जाईनात. सासऱ्याचा आवाज सासऱ्याचा निघेना, वडिलांच्या आत्याचाच निघत होता. पायली आली, टण्ण झालं, अगदी साधं, भांड्याला चमचा लागावा तसं. सासऱ्यानं भाताच्या दातांचं विचारलं. म्हातारी हसली.

आणि मी थांबले नाही. पुढचं सांगितलं.

सासरा हसला आणि म्हणाला, राहू दे, ठेव हवा तर, कुणाला सांगत नाही. आत्यानं तो टाक पदरात बांधला. दुसऱ्या दिवशी उजाडताना एकटीच सावित्रीवर गेली आणि स्वतःच्या हातानं सोडला. परत आल्यावर जावेनं विचारलं, मामंजी ठेव म्हणाले होते ना? आत्या म्हणाली, ठेव म्हणाले म्हणून तर. त्यांनी नेला म्हणून गेला असं नको, आणि त्यांनी ठेवू दिला म्हणून राहिला असंही नको. माझा मी सोडला.

इतकी वर्षं हे मी कापत आले होते, फक्त तिथं हसू येत नाही म्हणून.

म्हातारीनं वालाचं ताट बाजूला सरकवलं. नदीच्या दिशेला बघत होती. मी वाट बघितली. या वेळी तिला काही विचारलं नाही.

"हं," ती म्हणाली.